क्रमचय-कसोटी : सूत्रावाचून गृहीतकाची परीक्षा

दोन गटांच्या सरासरींत आढळलेला फरक खरा की योगायोगाचा, असा प्रश्न उद्भवला म्हणजे भाषाविज्ञानाचा विद्यार्थी बहुधा टी-कसोटीचे सूत्र काढतो, त्यात आकडे घालतो आणि ग्रंथाच्या अखेरीस दिलेल्या कोष्टकात उत्तर पाहतो. उत्तर मिळते, परंतु त्या कोष्टकाचा आपल्या प्रयोगाशी संबंध काय, हे त्याला क्वचितच सांगता येते. क्रमचय-कसोटीत हा संबंध प्रत्यक्ष मोजून दाखविता येतो.

एक लहानसा वर्गप्रयोग कल्पावा. आठ विद्यार्थ्यांना वीस शब्दांची यादी स्मरणात ठेवावयास दिली. चिठ्ठ्या टाकून चौघांना ती फळे, भांडी, पक्षी, नाती अशी अर्थवार लावून दिली. उरलेल्या चौघांना तेच शब्द सरमिसळ करून दिले. काही वेळाने पहिल्या गटास 11, 12, 14 व 15 शब्द आठवले. दुसऱ्यास 8, 9, 10 व 13. सरासरी अनुक्रमे 13 आणि 10, म्हणजे फरक 3 शब्दांचा.

आता शून्य-गृहीतक असे की, यादीच्या मांडणीचा स्मरणावर काहीच परिणाम होत नाही. ते खरे असेल, तर 15 शब्द आठवणाऱ्या विद्यार्थ्यास दुसरी यादी मिळाली असती तरी त्याला 15 च शब्द आठवले असते. म्हणजे आठही आकडे जागच्या जागी राहतात; बदलते ती केवळ चिठ्ठी. आठांतून चौघे निवडण्याचे प्रकार 70 आहेत, आणि चिठ्ठ्यांच्या दृष्टीने ते सर्व सारखेच संभवनीय आहेत. त्यांपैकी किती प्रकारांत पहिल्या गटाची सरसी 3 किंवा त्याहून अधिक येते, एवढेच मोजावयाचे.

सर्व आकड्यांची बेरीज 92 असल्यामुळे पहिल्या गटाची बेरीज 52 किंवा अधिक असणे पुरेसे आहे. असे गट चारच निघतात : 15, 14, 13, 12, 15, 14, 13, 11, 15, 14, 13, 10, आणि प्रत्यक्ष आलेला 15, 14, 12, 11. म्हणून संभाव्यता 4/70, सुमारे 0.057. फरक कोणत्याही दिशेचा चालेल असे प्रयोगापूर्वी ठरविले असेल, तर उलट बाजूचे चार गट धरून ती 8/70, म्हणजे 0.114 होते.

याच आकड्यांवर टी-कसोटी लावली असता टीचे मूल्य 2.12 येते. सहा मुक्ती-मात्रांसाठी एकदिश कसोटीची 5 टक्क्यांची मर्यादा 1.943 आहे, म्हणजे सूत्राच्या मते फरक लक्षणीय, मोजणीच्या मते किंचित अपुरा. हा विरोध आकस्मिक नाही. सूत्रामागे अखंड वक्र आहे, तर येथे अवघे 70 प्रकार असून संभाव्यता 1/70 च्या पायऱ्यांनीच चढते. आकडे अधिक झाले की दोन्ही उत्तरे सामान्यतः जवळ येतात. रोनाल्ड फिशर यांनी 1935 च्या आपल्या ग्रंथात डार्विनच्या मक्याच्या रोपांच्या 15 जोड्यांवर अशीच मोजणी केली. जोडीतील फरकाचे चिन्ह उलटविण्याच्या 32,768 प्रकारांपैकी 1,726 प्रकारांत तेवढा किंवा अधिक फरक आला, म्हणजे 5.27 टक्के, टी-कसोटीने 4.97 टक्के दिले होते.

गट मोठे झाले की सर्व प्रकार मोजणे अशक्यप्राय होते. पंधरा-पंधरांच्या दोन गटांसाठी ते साडेपंधरा कोटींहून अधिक आहेत. तेव्हा संगणकाकडून 9,999 यादृच्छिक वाटण्या करवून घ्याव्यात आणि प्रत्यक्ष वाटणीही त्यांत धरून 10,000 ने भागावे. याउलट गट फारच लहान असतील, तर कसोटी मुकीच राहते : तिघांच्या दोन गटांत प्रकार 20 च, म्हणून द्विदिश संभाव्यता 0.10 खाली येऊच शकत नाही.

सर्वांत मोठी चूक होते ती काय फिरवावे याविषयी. चिठ्ठी विद्यार्थ्यास मिळाली होती, शब्दास नव्हे. म्हणून अदलाबदल विद्यार्थ्यांचीच करावी. दहा वक्त्यांचे प्रत्येकी वीस उच्चार घेऊन दोनशे स्वतंत्र आकडे मानले, तर संभाव्यता फसवी लहान येते. एकाच विद्यार्थ्यास दोन्ही याद्या दिल्या असतील, तर फिशर यांच्याप्रमाणे त्याच्या दोन आकड्यांतच उलटापालट करावी. आणि चिठ्ठ्या टाकल्याच नसतील, दोन तुकड्या आधीपासूनच वेगळ्या असतील, तर लहान संभाव्यतेवरून तुकड्यांत भेद आहे एवढे म्हणता येईल. तो यादीमुळे झाला, असे नव्हे.