सहाशे युनिट विकले, नफा किती?

समजा, एका शिक्षिकेने इक्विटी म्युच्युअल फंडात दर तीन महिन्यांनी दहा हजार रुपये गुंतवायला सुरुवात केली. पहिला हप्ता जानेवारी 2024 मध्ये गेला, सहावा एप्रिल 2025 मध्ये. त्या त्या दिवशीची एनएव्ही अनुक्रमे 25, 20, 25, 40, 50 आणि 40 रुपये होती. (हिशेब सोपा जावा म्हणून आकडे काल्पनिक घेतले आहेत. खरी एनएव्ही दीड वर्षात इतक्या उड्या सहसा मारत नाही.) त्यामुळे तिला 400, 500, 400, 250, 200 आणि 250 युनिट मिळाले. एकूण युनिट 2,000 आणि एकूण रक्कम 60,000 रुपये. जून 2025 मध्ये घराच्या रंगकामासाठी पैसे लागले, तेव्हा तिने 45 रुपये एनएव्हीने 600 युनिट रिडीम केले आणि खात्यात 27,000 रुपये आले. यात नफा किती?

तो काढायचा तर त्या 600 युनिटांना मुळात किती पैसे पडले होते हे ठरवावं लागतं, आणि खरी अडचण तिथेच आहे. युनिटवर तो कोणत्या हप्त्यातला आहे असा शिक्का नसतो. वीस रुपयांना घेतलेला युनिट आणि पन्नासला घेतलेला युनिट आज अगदी सारखेच. वेगवेगळ्या भावाने आणलेले तांदूळ एकाच कणगीत ओतले की वरचे पायलीभर कोणत्या भावाचे, हे विचारण्यात अर्थ राहत नाही. सरासरीची पद्धत हे सरळ मान्य करते. तिच्या लेखी प्रत्येक युनिटाची किंमत एकच: 60,000 भागिले 2,000, म्हणजे 30 रुपये. विकलेल्या 600 युनिटांची खरेदी 18,000 रुपये, हाती आले 27,000, म्हणून नफा 9,000 रुपये.

इथे पुष्कळ जण एक चूक करतात. ते सहा दिवसांच्या एनएव्हीची बेरीज करून तिला सहाने भागतात. तसं केलं तर उत्तर 33 रुपये 33 पैसे येतं आणि नफा सुमारे दोन हजारांनी कमी दिसतो. रक्कम ठरलेली असली की स्वस्ताईत जास्त युनिट मिळतात आणि महागाईत कमी, म्हणून स्वस्त खरेदीचं वजन आपोआप जास्त पडतं. एनएव्हीची सरासरी काढायचीच नसते. एकूण रुपयांना एकूण युनिटांनी भागायचं, एवढंच.

आता कमी बोलली जाणारी गोष्ट. विक्रीनंतर शिक्षिकेकडे 1,400 युनिट उरले आणि त्यांची खरेदी किंमत 42,000 रुपये. भागून पाहा, सरासरी पुन्हा 30 रुपयेच. विक्री कितीही चढ्या भावाने होवो किंवा पडत्या, तिने सरासरी हलत नाही. हलते ती फक्त नव्या खरेदीने. जुलैत पुढचा हप्ता 50 रुपये एनएव्हीने गेला आणि 200 युनिट वाढले, तेव्हा 1,600 युनिट आणि 52,000 रुपये झाले. नवी सरासरी 32 रुपये 50 पैसे.

घरच्या वहीत किंवा एक्सेलमध्ये हिशेब फसतो तो बहुधा याच वळणावर. काही जण विक्रीचे 27,000 रुपये मूळ 60,000 मधून वजा करतात. मग उरलेल्या 1,400 युनिटांची किंमत 33,000 रुपये, म्हणजे युनिटामागे साडेतेवीस रुपयांच्या आसपास दिसते. एवढ्या चढत्या बाजारातही तिचा एकही हप्ता वीसशिवाय त्याहून स्वस्तात गेलेला नाही, तरी सरासरी तेवीस! इथे घडतं असं की, विकलेल्या युनिटांचा 9,000 रुपयांचा नफा उरलेल्यांच्या खरेदीतून कापला जातो आणि पुढे तोच नफा पुन्हा मोजला जातो. वजा करायची ती विक्रीची रक्कम नव्हे, विकलेल्या युनिटांची खरेदी किंमत. दुसरी चूक याच्या उलट: विक्री झालीच नाही असं धरून आजवरचे सगळे हप्ते घ्यायचे, 70,000 ला 2,200 ने भागायचं आणि 31 रुपये 82 पैसे लिहायचे. सरासरी प्रत्येक व्यवहारानंतर, क्रमाने, चालती ठेवावी लागते.

आपल्याकडे कंपन्यांच्या हिशेबासाठी हीच पद्धत सांगितलेली आहे. सनदी लेखापालांच्या संस्थेच्या लेखामानक 13 नुसार गुंतवणुकीचा काही भाग विकला, तर त्या भागाची किंमत एकूण गुंतवणुकीच्या सरासरीवरून धरायची.

आयकर मात्र हा हिशेब मानत नाही. तिथे जे आधी आले ते आधी गेले, अर्थात फिफो. शिक्षिकेच्या 600 युनिटांपैकी 400 पहिल्या हप्त्यातले, 25 रुपयांचे. आणि 200 दुसऱ्यातले, 20 रुपयांचे. खरेदी किंमत 14,000 रुपये, नफा 13,000 रुपये. सरासरीने नऊ, फिफोने तेरा. याचं कारण उघड आहे: करासाठी नुसता नफा पुरत नाही, युनिट किती काळ जवळ होते हेही लागतं. इक्विटी फंडात बारा महिन्यांहून जास्त काळ ठेवलेल्या युनिटांचा नफा दीर्घकालीन ठरतो. जुलै 2024 नंतरच्या दरांप्रमाणे असा नफा वर्षभरात सव्वा लाखापर्यंत करमुक्त, त्यापुढे साडेबारा टक्के. अल्पकालीन नफ्यावर वीस टक्के. सरासरी काढताना तारखा विरघळून जातात. शिक्षिकेचे 600 युनिट जानेवारी आणि एप्रिल 2024 चे असल्याने तिचा सगळा नफा दीर्घकालीन आहे, आणि तिचा दुसरा असा नफा नसेल तर कर शून्य.

म्हणून अॅपवर दिसणारी सरासरी उचलून विवरणपत्रात नफा लिहू नये. त्यासाठी कॅम्स किंवा केफिनटेककडून भांडवली नफ्याचं वेगळं स्टेटमेंट मिळतं, तेच वापरावं. आपलं अॅप कोणती रीत वापरतं हे ओळखणं सोपं आहे. थोडे युनिट विकल्यावर सरासरी होती तशीच राहिली, तर ते खरी सरासरी दाखवतं. आपल्या उदाहरणात ती 30 वरून 32 रुपये 86 पैशांवर गेली, तर समजावं की ते सर्वांत जुने युनिट वजा करून उरलेल्यांचा भाव दाखवत आहे. 46,000 भागिले 1,400 हा तोच आकडा.

अमेरिकेत म्युच्युअल फंडासाठी करातही सरासरी किंमत निवडता येते, आणि कॅनडात तर एकसारख्या युनिटांना सरासरीच लावावी लागते. गंमत म्हणजे अमेरिकेतही सरासरी निवडली, तरी मुदत मोजताना आधी जुनेच युनिट विकले असं धरतात.

दोन्ही पद्धतींतला फरक कायमचा नाही. शिक्षिकेने उरलेले 1,600 युनिट पुढे 50 रुपयांना विकले, तर 80,000 रुपये मिळतील. सरासरीने यावेळचा नफा 28,000, आधीचा 9,000. फिफोने यावेळचा 24,000, आधीचा 13,000. दोन्हीकडे एकूण 37,000 रुपये. हाती आलेले 1,07,000 वजा घातलेले 70,000 केले तरी तेवढेच. वही तपासायची असेल तर हीच बेरीज करून पाहावी. ती काही रुपयांनी चुकली तर दोष बहुधा मुद्रांक शुल्काचा असतो. 2020 च्या जुलैपासून दहा हजारांच्या हप्त्यातून पन्नास पैसे कापून उरलेल्याचेच युनिट मिळतात. ती हजारांनी चुकली, तर लाभांशाची पुनर्गुंतवणूक लिहायची राहिली आहे का ते पाहावं. ती रक्कम हातात येत नाही म्हणून विसरली जाते, पण हिशेबात ती नवी खरेदी असते. लाभांशावर उत्पन्न म्हणून कर लागतोच. तो खरेदीत धरला नाही, तर त्याच पैशावर विक्रीच्या वेळी नफा म्हणून पुन्हा कर भरावा लागतो.