नवे चॅनेल आणि शब्दांची स्पर्धा

गेल्या वर्षी आमच्या परिचयातील शिवणकाम करणाऱ्या एक बाई आमच्याकडे आल्या. यूट्यूबवर चॅनेल उघडून त्यांना तीन महिने झाले होते. दिवसाचे काम आटोपल्यावर रात्री जागून त्यांनी बारा व्हिडिओ केले. आणि ते पाहिले कोणी, तर घरच्या मंडळींनी व दोन-चार गिऱ्हाइकांनी. “माझं शिकवणंच वाईट आहे का हो?” असे त्यांनी विचारले. आम्ही ते व्हिडिओ पाहिले. शिकवणे उत्तम होते. चूक होती ती विषयाच्या निवडीत. बाराही व्हिडिओ `blouse cutting marathi` आणि त्याच्या जवळपासच्या शब्दांवर होते. आणि त्या शब्दांची जागा जुन्या, मोठ्या चॅनेलांनी केव्हाच धरून ठेवलेली होती.

तेव्हा प्रश्न असा की, एखाद्या शब्दावर स्पर्धा किती आहे हे आधी ओळखावे कसे? येथे नवखी माणसे बहुधा दोन खोट्या मापांनी फसतात. पहिले माप म्हणजे गूगलच्या जाहिरातदारांसाठी असलेल्या `Keyword Planner` या साधनातील स्पर्धेचा रकाना. तेथे स्पर्धा ‘कमी’ दिसली म्हणजे रान मोकळे, अशी समजूत होते. वस्तुतः तो रकाना सांगतो तो जाहिरातदारांच्या बोलीविषयी. त्या शब्दावर जाहिरात लावायला किती जण धडपडत आहेत, एवढेच त्यातून कळते. शोधाच्या यादीत वर येणे किती अवघड, हे त्यात मुळीच नसते. दुसरे माप म्हणजे बाहेरच्या कंपन्यांच्या साधनांत प्रत्येक शब्दापुढे दिसणारे गुण. ते सर्वस्वी निरुपयोगी नव्हेत. पण तो त्या कंपन्यांचा अंदाज आहे, यूट्यूबने दिलेला आकडा नव्हे. आणि मराठीतील बारीक शब्दांविषयी अंदाज बांधायला त्यांच्यापाशी सामग्रीही थोडीच असणार.

मग खरे माप कोणते? आमच्या मते ते डोळ्यांसमोरच असते: तो शब्द टाकल्यावर वर येणारे पहिले दहा व्हिडिओ. स्पर्धा ही जगातील सगळ्या व्हिडिओंशी नसून या दहांशी असते. मात्र ते पाहताना एक पथ्य पाळावे. आपण पूर्वी काय पाहिले यावरून यूट्यूब यादी बदलते. म्हणून आपल्या खात्यातून बाहेर पडून, ब्राउझरच्या खाजगी खिडकीतच शोध घ्यावा. नाहीतर आपलाच व्हिडिओ वर दिसतो आणि उगाच समाधान होते. जाहिराती व मध्येच येणाऱ्या `Shorts` च्या ओळी सोडून द्याव्यात.

त्या दहांकडे पाहून तीन प्रश्न विचारावेत. पहिला: विचारलेल्या नेमक्या गोष्टीचे उत्तर यांतील किती जण देतात? यूट्यूबचा शोध मथळा, वर्णन आणि प्रत्यक्ष व्हिडिओ हे शोधाशी किती जुळतात ते पाहतो, तसेच त्या शोधातून आलेले लोक व्हिडिओ किती वेळ पाहतात तेही पाहतो. म्हणून जवळपासचे बोलणारे दहा असले, तरी नेमके बोलणाऱ्याला जागा राहते. दुसरा: यांत लहान चॅनेल आहे काय, आणि त्याच्या सबस्क्रायबरांच्या मानाने व्हिडिओ पुष्कळ अधिक पाहिला गेला आहे काय? पाचशे सबस्क्रायबरांचा व्हिडिओ वीस हजार वेळा पाहिला गेला असेल, तर तो बहुतेक अनोळखी माणसांनीच पाहिलेला असतो. लहानाला येथे वाट मिळते, याचा एवढा स्पष्ट पुरावा दुसरा नाही. तिसरा प्रश्न भाषेचा व काळाचा. मराठीत विचारले असता हिंदी व्हिडिओ पुढे येत असतील, किंवा वरचे व्हिडिओ फार जुने असतील, तर मराठीत उत्तर देणारा कमी आहे असे समजावे.

आता बाईंचेच उदाहरण घेऊ. आम्ही खाजगी खिडकी उघडून आधी त्यांचा जुना शब्द टाकला. दहाही मथळे नेमके जुळणारे, बहुतेक चॅनेल लाखांत सबस्क्रायबर असलेली, व्हिडिओ ताजे. तिन्ही प्रश्नांना नकारच मिळाला. मग आम्ही त्यांना विचारले, “शिकायला येणाऱ्या मुली सर्वांत जास्त कशासाठी अडतात?” त्या म्हणाल्या, “मशीनचा दोरा खाली गोळा होतो, त्यासाठी.” आम्ही शोधाच्या चौकटीत `shilai machine dora` एवढेच टाकून थांबलो. रोमन लिपीत टाकण्याचे कारण असे की, पुष्कळ मराठी माणसे फोनवर तसेच लिहितात. देवनागरीतला शोध निराळा घ्यावा, कारण दोन्ही याद्या सारख्या निघतीलच असे नाही. खाली सूचना उमटल्या, त्यांत दोरा तुटण्याच्या व खाली अडकण्याच्या होत्या. या सूचना लोकांनी खरोखर केलेल्या शोधांवरून येतात. तेव्हा विचारणारे आहेत, एवढे ठरले.

दहांत पाच व्हिडिओ हिंदी होते. तिघांनी सबंध मशीन उघडून तेलपाणी दाखवले होते. दोऱ्याचे कारण त्यात कोठेतरी ओझरते. उरलेली दोन चॅनेल लहान होती, आणि त्यांचे व्हिडिओ सबस्क्रायबरांच्या कित्येक पट पाहिले गेलेले. बाईंना उत्तर तोंडपाठ होते: दोरा खाली गोळा होतो तेव्हा लोक बॉबिनला दोष देतात, पण दोष बहुधा वरच्या दोऱ्याचा असतो. कापड दाबणारा पाय खाली ठेवून दोरा ओवला, तर टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्यामध्ये बसतच नाही. पाय वर करून पुन्हा ओवावा. त्यांनी एवढ्यावरच चार मिनिटांचा व्हिडिओ केला आणि मथळ्यात मुलींचाच प्रश्न जसाच्या तसा ठेवला.

येथे सावधगिरीची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. स्पर्धा नसणे आणि मागणी नसणे ही दोन्ही दुरून सारखीच दिसतात. बाईंनी उत्साहाने काजे करण्याच्या एका दुर्मीळ जोडणीवरही व्हिडिओ केला. त्या शब्दावर कोणीच नव्हते. पण चौकटीत सूचनाही उमटत नव्हत्या, आणि जवळपासचा एकही लहान व्हिडिओ चाललेला नव्हता. तो व्हिडिओ तसाच पडून राहिला. मोकळी जागा दिसली की तेथे कोणी येते का, हेही पाहावे. `Google Trends` मध्ये यूट्यूबच्या शोधाचा पर्याय निवडून दोन शब्दांची तुलना करता येते. परंतु तेथील शंभर म्हणजे शंभर माणसे नव्हेत, ते केवळ सर्वोच्च बिंदूचे चिन्ह आहे. फार बारीक शब्द असला तर आलेखच निघत नाही.

निवड बरोबर होती की नाही, हे नंतर आपल्याच `YouTube Studio` मध्ये कळते. प्रेक्षक कोठून आले या भागात `YouTube search` पाहावे. कोणते शब्द टाकून लोक आले ते तेथे दिसते. दोऱ्याच्या व्हिडिओला पहिल्या आठवड्यात विशेष काही झाले नाही. दोन महिन्यांनी पाहिले, तेव्हा निम्म्याहून अधिक प्रेक्षक शोधातून आलेले होते. आणि त्या शब्दांत एक आम्हाला मुळीच न सुचलेला होता: सुई वारंवार का मोडते. बाईंचा पुढचा व्हिडिओ त्याच प्रश्नावर झाला.

ब्लाउजच्या कटिंगवर त्या पुन्हा येणार आहेत, असे त्या म्हणतात. आम्ही नको म्हटले नाही. एवढेच सुचवले की, आधी त्या शब्दाचे पहिले दहा पुन्हा पाहावेत, आणि त्यांत आपल्याएवढे कोणी बसलेले दिसेल त्या दिवशी यावे.