अप्रेझलचा धक्का एप्रिलमध्ये बसतो, पण तो टाळायची वेळ जुलैतच येऊन गेलेली असते

'गुड' हा शेरा चांगला की वाईट?

शाळेच्या प्रगतिपुस्तकात चांगला. पण सीमा रस्ते संघटनेतल्या एका कार्यकारी अभियंत्याला याच शेऱ्यामुळे बढती मिळाली नाही आणि त्यासाठी त्यांना सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं. देव दत्त विरुद्ध भारत सरकार या नावानं हा खटला ओळखला जातो.

झालं असं की, अधीक्षक अभियंता व्हायचं तर आधीच्या पाच वर्षांच्या गोपनीय अहवालांत 'व्हेरी गुड' शेरा हवा, अशी अट होती. देव दत्त यांच्या १९९३-९४ च्या अहवालात 'गुड' लिहिलेलं होतं. ते त्यांना कोणी सांगितलंच नाही. कारण तेव्हाचा नियम असा की, फक्त प्रतिकूल शेरा कर्मचाऱ्याला कळवायचा. 'गुड' तर प्रतिकूल नाही, मग कळवायचं कशाला?

१२ मे २००८ रोजी सुप्रीम कोर्टानं हा युक्तिवाद फेटाळला. जिथे 'व्हेरी गुड' लागतं तिथे 'गुड'सुद्धा नुकसानच करतं, त्यामुळे शेरा कुठलाही असो, तो कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, असं कोर्टानं सांगितलं. देव दत्त तोवर निवृत्त झाले होते. तरीही तो शेरा त्यांना कळवावा, त्यावर त्यांचं म्हणणं ऐकावं आणि शेरा सुधारला तर बढतीचा मागील तारखेपासून विचार करावा, असा आदेश निघाला. २०१३ मध्ये सुखदेव सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठानं हीच भूमिका कायम केली.

मग प्रश्न सुटला का?

अर्धाच सुटला. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना २००९ पासून पूर्ण अहवाल दाखवला जातो आणि त्यावर म्हणणं मांडायला १५ दिवस मिळतात. महाराष्ट्रात याला आता कार्यमूल्यमापन अहवाल म्हणतात. अमरावतीच्या विभागीय आयुक्त कार्यालयातला कर्मचारी असो की अकोला जिल्हा परिषदेतला, त्याचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि ३१ मार्चला संपतं. प्रतिवेदन अधिकारी अहवाल लिहितो आणि त्याच्या वरचा पुनर्विलोकन अधिकारी तो तपासतो.

पण हे सगळं वर्ष संपल्यावर होतं. शेरा कळला, त्यावर दाद मागता आली, तरी ज्या कामावर तो शेरा आला ते काम बदलता येत नाही. खासगी नोकरीत तर कोर्टाच्या या निकालांचा थेट आधारही नाही. तिथे कंपनीचे नियम आणि साहेबांची पद्धत, एवढंच हातात असतं.

म्हणून अनेक कंपन्यांत वर्षाच्या मध्ये एक बैठक ठेवतात. तिला चेक-इन किंवा मिड-इयर रिव्ह्यू म्हणतात. तिचा हेतू साधा आहे: एप्रिलमध्ये साहेब जे बोलणार आहेत, ते काम सुधारायला वेळ शिल्लक असतानाच बोलून टाकायचं.

'वर्षाचा मध्य' नेमका कधी?

इथेच वऱ्हाडात गडबड होते. एप्रिल ते मार्च असं वर्ष धरलं की मध्य येतो सप्टेंबर अखेरीस. मुख्य ऑफिस मुंबई किंवा पुण्यात असेल तर तिथून ऑक्टोबरमध्ये मेल येतो, फॉर्म भरा. पण अमरावती-अकोल्यातलं बरंचसं काम शेतीच्या हंगामावर चालतं आणि हंगाम काही आर्थिक वर्ष पाहून येत नाही.

बियाणं विकणाऱ्याचा खरीप मे-जूनमध्येच गाजतो आणि पेरण्या उरकल्या की संपतो. त्याच्याशी ऑक्टोबरमध्ये खरिपाबद्दल बोलणं म्हणजे पेपर झाल्यावर अभ्यासक्रम सांगणं. उलट जिनिंगमध्ये कापसाची आवक दिवाळीच्या आगेमागे वाढते. तिथल्या सुपरवायझरशी ऑक्टोबरमध्ये बोलायला वर्षाचं कामच झालेलं नसतं. डाळ मिलमध्ये नवी तूर साधारण जानेवारीपासून यायला लागते.

त्यामुळे तारीख ठरवताना कॅलेंडर बाजूला ठेवून एक प्रश्न विचारायचा: काय चुकतंय हे दिसायला लागलं आहे, पण दुरुस्त करायला अजून वेळ आहे, असा आठवडा कोणता? बियाण्याच्या कामात तो आठवडा जुलैच्या सुरुवातीला येतो. रब्बीच्या हरभऱ्यासाठी दुसरी बैठक ऑक्टोबरमध्ये घेता येते.

एक उदाहरण घेऊन पाहू

हे उदाहरण काल्पनिक आहे, पण त्यातला हिशोब धंद्यात रोज होतो. समजा, अकोल्यातल्या एका बियाणे कंपनीचा विक्री प्रतिनिधी आहे. दर्यापूर आणि अंजनगाव सुर्जी हे तालुके त्याच्याकडे आहेत. खरिपाचं टार्गेट आहे सोयाबीन बियाण्याच्या १८०० बॅगा.

जून अखेरपर्यंत त्यानं कृषी केंद्रांना २००० बॅगा दिल्या. त्याच्या डोक्यात हिशोब पक्का, १११ टक्के! आता इन्क्रिमेंट कुठे जात नाही.

पण बियाण्याच्या धंद्यात दुकानात गेलेला माल म्हणजे विकलेला माल नसतो. न खपलेल्या बॅगा हंगामानंतर कंपनीकडे परत येतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ४५० बॅगा परत आल्या. निव्वळ विक्री राहिली १५५०, म्हणजे ८६ टक्के. साहेब पहिल्यापासून हाच आकडा धरून चालले होते, पण 'टार्गेट म्हणजे निव्वळ विक्री' हे दोघांमध्ये स्पष्ट बोललं गेलंच नाही.

एप्रिलमध्ये अप्रेझलला दोघं समोरासमोर बसतात. एकाच्या मनात १११, दुसऱ्याच्या कागदावर ८६. प्रतिनिधी म्हणतो, "मले हे पहिलेच सांगतलं असतं त मी तवाच दुकानं फिरलो असतो ना, सायेब!" आणि त्याचं म्हणणं चुकीचं नाही.

आता हीच गोष्ट जुलैच्या पहिल्या आठवड्यात घडली असती तर? साहेब विचारतात, "दिलेल्या २००० पैकी दुकानात पडून किती आहेत?" प्रतिनिधी चार दिवस फिरतो आणि यादी आणतो: ४५० बॅगा पडून आहेत. काही गावांत पाऊस उशिरा आल्यामुळे पेरण्या बाकी आहेत, काही ठिकाणी दुबार पेरणीची वेळ आली आहे. पडून असलेल्या मालातल्या २०० बॅगा तो तिथल्या दुकानांकडे वळवतो आणि त्या खपतात. परत येतात फक्त २५०. निव्वळ विक्री १७५०, म्हणजे ९७ टक्के.

पाऊस चांगला झाला असता, पेरण्या आधीच उरकल्या असत्या, तर कदाचित एकही बॅग वळवता आली नसती. तरीही ८६ हा आकडा त्याला जुलैतच दिसला असता. एप्रिलमध्ये वाईट वाटलं असतं, पण फसवल्यासारखं वाटलं नसतं. आकडा कमी असण्यापेक्षा तो अनपेक्षित असणं जास्त लागतं.

बैठकीत बोलायचं काय?

पहिली गोष्ट, मोजमाप. टार्गेट कशानं मोजणार, हे दोघांनी आपापल्या शब्दांत सांगायचं. वरच्या उदाहरणातला सगळा घोळ या एका प्रश्नानं मिटला असता. मधल्या काळात काम बदललं असेल, म्हणजे एखादा तालुका काढून घेतला किंवा नवीन जबाबदारी आली, तर टार्गेटही तिथेच बदलून घ्यायचं. नाहीतर एप्रिलमध्ये जुन्याच कागदावर नव्या कामाचे मार्क पडतात.

दुसरी गोष्ट, वागणुकीबद्दलची तक्रार. "तुमचा ॲटिट्यूड बरोबर नाही" हे ऐकून माणूस काहीच बदलू शकत नाही, फक्त चिडू शकतो. "जूनमध्ये तुमचे चार आठवड्यांचे अहवाल यायला हवे होते. त्यातले तीन सोमवारऐवजी गुरुवारी आले, त्यामुळे गोडाऊनमधून माल पाठवायला उशीर झाला" हे ऐकल्यावर काय बदलायचं ते कळतं. कोणतं काम, कधी आणि त्याचा परिणाम काय झाला, या तिन्ही गोष्टी वाक्यात असल्या पाहिजेत.

आपल्याकडे माणूस दुखावू नये म्हणून टीका कौतुकात गुंडाळून सांगायची सवय असते. "काम छान चाललंय, जरा अहवालाकडे बघा, बाकी उत्तम." समोरचा घरी जाताना 'छान' आणि 'उत्तम' घेऊन जातो, मधलं वाक्य तिथेच राहतं. साहेबांना मात्र वाटतं, मी तर सांगितलं होतं. म्हणून कौतुक वेगळं करायचं आणि उणीव वेगळी सांगायची.

तिसरी गोष्ट, आज अप्रेझल झालं तर रेटिंग काय पडेल? बरेच साहेब हे टाळतात, पण खरा उपयोग याच उत्तराचा आहे. "आज तुम्ही पाचपैकी तीनवर आहात. मालाची परती २५० च्या आत आली आणि अहवाल वेळेवर आले, तर चारचा विचार होईल" असं स्पष्ट सांगितलं की अंदाजाला जागा उरत नाही.

लिहून ठेवलं नाही तर बोलणं वाया

बैठक संपली की त्याच दिवशी चार-पाच ओळी लिहायच्या: मोजमाप काय ठरलं, चांगलं काय, उणीव काय, कोणत्या तारखेपर्यंत काय करायचं आणि साहेबांनी कोणती मदत करायची. शक्यतो कर्मचाऱ्यानं लिहावं आणि साहेबांनी "बरोबर आहे" असं उत्तर द्यावं. त्यानं काय ऐकलं हे त्याच्या लिहिण्यातून लगेच कळतं. त्यात उणिवेची ओळच नसेल, तर ती त्याच्यापर्यंत पोहोचलेली नाही.

साहेब बदलले तरी या ओळी कामी येतात. सरकारी अहवाल लिहायला अधिकाऱ्यानं किमान तीन महिने काम पाहिलेलं असावं लागतं. खासगीत अशी अट असेलच असं नाही. फेब्रुवारीत आलेला नवा साहेब अख्ख्या वर्षाचे मार्क देऊन मोकळा होतो. त्याच्यासमोर ठेवायला जुलैचा कागद हवा. जुने साहेबच असले तरी त्यांना शेवटचे दोन-तीन महिनेच नीट आठवतात आणि खरिपातली धावपळ मार्चपर्यंत विसरलेली असते.

यानं काय होणार नाही?

चेक-इन म्हणजे रेटिंगची हमी नाही. काही कंपन्यांत ठराविक टक्के लोकांनाच वरचं रेटिंग द्यायचं असतं. तिथे साहेबांनी दिलेलं चार वरच्या बैठकीत तीन होऊ शकतं. पगारवाढ तर कंपनीच्या नफ्यावरही ठरते. अशी पद्धत असेल तर ती चेक-इनमध्येच सांगून टाकावी. आणि बैठकीनंतर काही नवीन बिघडलं, तर ते एप्रिलसाठी राखून न ठेवता त्याच आठवड्यात बोलावं.

हे सगळं जमलं की नाही, ते तपासायची एक सोपी रीत आहे. मार्चमध्ये अप्रेझलच्या आधी कर्मचाऱ्यानं आपलं रेटिंग एका चिठ्ठीवर लिहायचं, साहेबांनी आपलं लिहायचं, मग दोन्ही चिठ्ठ्या उघडायच्या. आकडे सारखे असतील किंवा एखाद्या पायरीचाच फरक असेल, तर वर्षभर बोलणं झालं आहे. फरक त्याहून मोठा असेल, तर जुलैत काय बोलायचं राहिलं ते आधी शोधायचं आणि मगच मार्क द्यायचे.