चौदा जणांचे एकाहत्तर टक्के

नववी-दहावीच्या मुलांशी ‘मार्जिन ऑफ एरर’बद्दल बोलायचं आणि सुरुवात सूत्राने करायची, म्हणजे मागच्या बाकांवरची मुलं खिडकीबाहेर बघणार हे ठरलेलं. त्यापेक्षा पडद्यावर एक फोटो लावावा. फोटोत एका मतचाचणीचा निकाल आहे, कुणीतरी स्क्रीनवरून मोबाइलने टिपलेला आणि खालची कड कापलेला. त्यावर करायचं छोटंसं भाषण असं :

मुलांनो, हा निकाल स्कॉटलंडचा आहे. स्कॉटलंडने ब्रिटनपासून वेगळं होऊन स्वतंत्र देश व्हावं का, यावर १८ सप्टेंबर २०१४ रोजी तिथे मतदान झालं. उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच द्यायचं होतं. या मतदानात १६ आणि १७ वर्षांच्या मुलांनाही मताचा हक्क दिला होता. म्हणजे तुमचे ताई-दादा, आणि तुमच्यातलेही एखाद-दोघे, तिथे रांगेत उभे राहिले असते. निकाल ‘नाही’च्या बाजूने लागला : ५५.३ टक्के विरुद्ध ४४.७ टक्के.

लगेचच लॉर्ड ॲशक्रॉफ्ट यांच्या चाचणीचे आकडे आले. हे गृहस्थ उद्योगपती आणि राजकारणी, आणि स्वतःच्या खर्चाने मतचाचण्या घेण्याची त्यांना हौस. मत देऊन आलेल्या २,०४७ जणांना त्यांनी विचारलं, ‘तुम्ही काय मत दिलंत?’ फोटोतल्या पट्ट्या त्याच उत्तरांच्या, वयानुसार लावलेल्या. १६-१७ वर्षांच्या गटात ‘हो’ म्हणणारे ७१ टक्के. त्याच्या खालच्या १८ ते २४ च्या गटात एकदम ४८. आणि ६५ च्या पुढच्या आजी-आजोबांमध्ये फक्त २७.

आता सांगा, सतरा वर्षांचा मुलगा अठरावं लागताच एवढा कसा बदलला? थोडा विचार केलात तर कारणं भराभर सुचतील. शाळेतल्या मुलांमध्ये जोश असतो, कॉलेजात गेल्यावर नोकरीची काळजी लागते, वगैरे. त्या वेळी मोठ्या माणसांनीही हेच केलं. ‘पोरांना स्वातंत्र्य हवं होतं, म्हाताऱ्यांनी अडवलं’ अशी हळहळ पुष्कळांनी व्यक्त केली. कारणं शोधण्यात आपण सगळेच पटाईत असतो. म्हणून कारणांकडे वळण्याआधी फोटोच्या कापलेल्या कडेखाली काय होतं ते बघू.

कुठल्याही नीट छापलेल्या तक्त्यात प्रत्येक गटात किती माणसं होती, हा आकडा बारीक टायपात दिलेला असतो. ॲशक्रॉफ्ट यांच्या मूळ तक्त्यातही तो होता, त्यांनी काही लपवलं नव्हतं. १६-१७ वर्षांच्या गटापुढे लिहिलं होतं : १४.

चौदाशे नाही बरं का, चौदा. त्यातले दहा जण ‘हो’ म्हणाले, चार ‘नाही’. दहा भागिले चौदा, म्हणजे ७१ टक्के. यातल्या एकाने जरी उलटं उत्तर दिलं असतं, तरी पट्टी ७१ वरून ६४ वर आली असती.

घरी गेल्यावर एक नाणं घ्या आणि चौदा वेळा उडवा. छापा पडला तर ‘हो’, काटा पडला तर ‘नाही’. नाण्याला स्कॉटलंडशी काही देणंघेणं नाही, ते निम्मं-निम्मंच आहे. तरीही चौदापैकी दहा किंवा त्याहून जास्त छापे येण्याची शक्यता शंभरात नऊ इतकी असते. चाळीस मुलांच्या वर्गात तीन-चार जणांच्या वहीत ‘७१ टक्के हो’ किंवा त्याहून मोठा आकडा लिहिलेला सापडेल, आणि तो केवळ योगायोगाने आलेला असेल. हेच नाणं २,०४७ वेळा उडवलंत, तर जन्मभर प्रयत्न करूनही ७१ टक्के छापे यायचे नाहीत.

हा योगायोग किती हात दाखवू शकतो, त्याचं माप म्हणजे मार्जिन ऑफ एरर. ते काढायची कामचलाऊ रीत सोपी आहे : विचारलेल्या माणसांच्या संख्येचं वर्गमूळ काढा आणि १०० ला त्याने भागा. २,०४७ चं वर्गमूळ सुमारे ४५, म्हणून मार्जिन जेमतेम २.२ टक्के. संपूर्ण चाचणीत ‘हो’चा आकडा ४५ टक्के आला होता, म्हणजे खरा आकडा साधारण ४३ ते ४७ च्या दरम्यान असावा. प्रत्यक्षात तो ४४.७ निघाला. छान!

आता तीच रीत चौदाला लावू. वर्गमूळ ३.७, मार्जिन २७ टक्के. ७१ मधून २७ वजा केले की ४४, मिळवले की ९८. म्हणजे या मुलांमध्ये ‘हो’चं प्रचंड बहुमत असेल, किंवा ‘नाही’चंही बहुमत असेल. इतक्या छोट्या संख्येला ही रीत नीट लागू पडत नाही हे खरं, पण जास्त काटेकोर गणित केलं तरी उत्तर ४२ ते ९२ असं येतं. त्यानेही काही उजेड पडत नाही. शिवाय ही हमी शंभरात पंचाण्णव वेळांचीच असते, उरलेल्या पाच वेळा खरा आकडा या हद्दीच्याही बाहेर असू शकतो.

इथे एक शंका हमखास येते. मतदार यादीत १६-१७ वर्षांची सुमारे १ लाख १० हजार मुलं होती, त्यांच्या मानाने चौदा हे प्रमाण फार कमी, म्हणून घोळ झाला का? नाही. २,०४७ माणसं ३६ लाखांहून जास्त मतांचा अंदाज नीट देऊन गेलीच की. शितावरून भाताची परीक्षा करताना पातेलं केवढं आहे हे कुणी बघत नाही, भात सगळीकडे सारखा शिजलेला असला की झालं. पातेलं लाखाचं असो की कोटीचं, किती शितं चेपून पाहिली यावर मार्जिन ठरतं.

आणखी एक हिशेब करा, मला तो जास्त अस्वस्थ करणारा वाटतो. यादीत या मुलांचा वाटा अडीच टक्क्यांहून किंचित जास्त होता. त्या हिशेबाने २,०४७ जणांत ती पन्नासेक तरी असायला हवी होती. मिळाली चौदा. फोन आणि इंटरनेटवरून घेतलेल्या या चाचणीच्या जाळ्यात बाकीची आलीच नाहीत. मग जी आली ती इतरांसारखीच होती का? मार्जिन ऑफ एरर याचं उत्तर देत नाही. माणसं चिठ्ठ्या टाकून निवडावीत तशी निवडली गेली, असं धरूनच ते काढलेलं असतं. फोन न उचलणारे, उत्तर टाळणारे, खोटं सांगणारे त्याच्या हिशेबात नसतात.

मग त्या मुलांनी खरंच काय मत दिलं? मतपत्रिकेवर वय लिहिलेलं नसतं, त्यामुळे मतपेट्या ते सांगू शकत नाहीत. मार्जिन तीन टक्क्यांवर आणायचं, तर या वयाची सुमारे ११०० मुलं विचारावी लागतील. चौदा मिळवायला दोन हजार माणसं लागली, त्या गतीने अकराशेंसाठी १ लाख ६० हजार जणांना गाठावं लागेल, आणि एवढा खर्च कुणीच करत नाही. चाचणी घेणारी जाणती मंडळी अशा वेळी त्या वयाच्या मुलांची वेगळी, मोठी चाचणी घेतात. आपल्या फोटोमागे तशी चाचणी नव्हती.