गिगाबिट फायबर आणि राउटरचा प्रोसेसर

गिगाबिट जोडणीवर १५०० बाइटची पूर्ण पॅकेटे आली, तरी राउटरला सेकंदाला सुमारे ८१ हजार पॅकेटे हाताळावी लागतात. म्हणजे एका पॅकेटसाठी जेमतेम १२ मायक्रोसेकंद मिळतात. ८८० मेगाहर्ट्झच्या साध्या प्रोसेसरचा एक गाभा तेवढ्या वेळात साधारण साडेदहा हजार ठोके पूर्ण करतो. पत्ता बदलणे, फायरवॉलचे नियम तपासणे, पॅकेट पुढे पाठवणे, सगळे त्यातच.

तरीही स्वस्त राउटर पूर्ण वेग देतात, कारण त्यांच्या चिपमध्ये आडवाट असते. जोडणीची पहिली काही पॅकेटे प्रोसेसर तपासतो. पुढची त्याला न विचारताच निघून जातात. खोक्यावरचा वेग बहुधा याच वाटेचा असतो. मात्र रांग-नियंत्रण किंवा मजकूर-तपासणीला प्रत्येक पॅकेट पाहावे लागते, त्यामुळे ती सुरू केली की आडवाट सहसा बंद होते. व्हीपीएनमध्ये तर प्रत्येक पॅकेटचे कूटलेखनही करावे लागते. जुन्या पद्धतीचे ओपनव्हीपीएन ते बहुतांशी एकाच गाभ्यावर करते, म्हणून जास्त गाभे असूनही फारसा उपयोग होत नाही. वायरगार्ड त्या मानाने बरेच हलके आहे.

निदान सोपे आहे. ओपनडब्ल्यूआरटी राउटरवर वेगचाचणी चालू असताना `top` पाहावे. `sirq` चढून `idle` शून्याकडे गेले, तर अडचण फायबरची नाही, प्रोसेसरची आहे. दोन गाभ्यांच्या राउटरवर मात्र एकच गाभा भरला, तर सरासरी ५० टक्केच दिसते, म्हणून प्रत्येक गाभा वेगळा पाहावा. राउटर घेताना या सुविधा सुरू असतानाचा वेग विचारावा.