BETWEEN आणि हरवलेली नरक चतुर्दशी

कल्याणच्या खडकपाड्याला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं हवेची गुणवत्ता मोजणारं केंद्र आहे. अशा केंद्रांचा डेटा दर १५ मिनिटांच्या सरासरीनेही मिळतो. समजा, तुम्हाला ऑक्टोबर २०२४ चं पीएम २.५ बघायचंय. डेटाबेसमध्ये `hava` नावाचं टेबल केलंय, त्यात `ts` हा टाइमस्टॅम्प कॉलम आहे आणि तुम्ही अगदी सरळ मनाने लिहिता:

```sql
SELECT ts, pm25 FROM hava
WHERE ts BETWEEN '2024-10-01' AND '2024-10-31';
```

एरर येत नाही. आलेल्या ओळींत सगळ्यात मोठी तारीख पाहिली तर ३१ ऑक्टोबर दिसते. दिवसागणिक सरासरीचा आलेख काढला तर त्यात ३१ बिंदूही असतात. झालं की काम! पण नाही झालेलं.

आता ओळी मोजू. दिवसाला ९६ नोंदी, म्हणजे मध्ये एकही नोंद गाळलेली नसेल तर ३१ दिवसांच्या २,९७६ व्हायला हव्यात. इथे येतात २,८८१. ही संख्या फोडून बघा: ३० × ९६ = २,८८० आणि वर एक. ही वरची एक ओळच सगळा घोळ करते.

`BETWEEN` दोन्ही टोकं धरतो, हे आपण पाठ केलेलं असतं आणि ते खरंही आहे. फक्त टोक कुठलं, ते आपण चुकीचं समजतो. तुलना टाइमस्टॅम्पशी आहे म्हटल्यावर डेटाबेस `'2024-10-31'` चंही टाइमस्टॅम्प करतो. वेळ दिलेली नाही, म्हणून `2024-10-31 00:00:00`. म्हणजे ३० तारखेची रात्र संपली त्या क्षणी दार बंद. मध्यरात्रीची नोंद तेवढी आत येते, उरलेल्या ९५ बाहेर.

आणि तो दिवस कुठला होता? नरक चतुर्दशी. पहाटेचे फटाके, संध्याकाळचे फटाके, सगळं गेलं. मध्यरात्रीच्या पाव तासाचा आकडा पूर्ण दिवसाची ‘सरासरी’ म्हणून आलेखात बसला. बिंदू अजिबात नसता तर आपण निदान चमकलो तरी असतो. म्हणून सरासरीच्या शेजारी नेहमी `COUNT(*)` ठेवा. ९६, ९६, ९६ आणि शेवटी १ दिसला की चोर सापडला.

पहिला जुगाड सगळ्यांनाच सुचतो: शेवटी `'2024-10-31 23:59:59'` लिहायचं. या डेटावर तो चालेलही. पण उद्या सेकंदाचे अंश नोंदवणारा सेन्सर आला की `23:59:59.4` ची नोंद सुटते. मग `.999` लिहावं, तर एसक्यूएल सर्व्हरचा जुना `datetime` ते पुढच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत वर ढकलतो. दुसरा जुगाड म्हणजे `BETWEEN '2024-10-01' AND '2024-11-01'`. यात २,९७७ ओळी येतात, कारण १ नोव्हेंबरची मध्यरात्रही आत शिरते. नोव्हेंबरची क्वेरी अशीच लिहिली की तीच नोंद दोन्ही महिन्यांत मोजली जाते.

शेवटचा क्षण कोणता, हे शोधत बसायचंच नाही. पुढच्या महिन्याचा पहिला क्षण घ्यायचा आणि त्याच्या अलीकडे थांबायचं:

```sql
WHERE ts >= '2024-10-01'
  AND ts <  '2024-11-01'
```

याला अर्धखुली कक्षा म्हणतात: सुरुवात आत, शेवट बाहेर. महिना ३० चा की ३१ चा, फेब्रुवारी लीप वर्षाचा की साधा, काही फरक पडत नाही. एका महिन्याचा शेवट तीच पुढच्याची सुरुवात असल्याने मध्ये फटही राहत नाही आणि दुहेरी मोजणीही होत नाही. `ts::date BETWEEN ...` लिहूनही पोस्टग्रेसमध्ये उत्तर बरोबर येतं, पण `ts` वरचा साधा इंडेक्स तिथे कामी येत नाही. काही वर्षांचा डेटा असेल तर ते जाणवतं.

पांडाज वापरणाऱ्यांनी इथे जरा थांबा. टाइमस्टॅम्प इंडेक्स असताना `df.loc['2024-10-01':'2024-10-31']` शेवटचा दिवस पूर्ण देतं, आणि `df[df.ts <= '2024-10-31']` मात्र मध्यरात्रीच कापतं. त्यामुळे तुमचे आणि लॅबमधल्या मित्राचे आकडे जुळत नसतील, तर आधी हे तपासा.

आणखी दोन गोष्टी बघून घ्या. एक, `ts` मध्ये पाव तासाची सुरुवात आहे की शेवट? शेवट असेल तर ऑक्टोबरच्या अखेरच्या नोंदीवर १ नोव्हेंबर ००:०० असा शिक्का असतो. तेव्हा चिन्हं उलटतात: `>` आणि `<=`. दोन, कॉलम `timestamptz` असून सेशन यूटीसीवर असेल, तर तुमचा ‘१ ऑक्टोबर’ कल्याणमध्ये पहाटे साडेपाचला सुरू होतो. मग सीमा `'2024-10-01 00:00+05:30'` आणि `'2024-11-01 00:00+05:30'` अशा पूर्ण लिहा. इथे नुसती ओळींची संख्या बघून चूक कळणार नाही, कारण साडेपाच तास सुरुवातीला गळतात आणि तेवढेच शेवटी जोडले जातात, म्हणजे संख्या पुन्हा २,९७६ च. त्यामुळे सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा `ts` भारतीय वेळेत छापून बघा.