तीस सेकंदांत सोयाबीनची उगवण

शेतकऱ्यांसाठी ३० सेकंदांची माहितीपर चित्रफीत करायची आहे, विषय पेरणीआधी घरच्या सोयाबीनची उगवण तपासणे. बहुतेकांची संहिता अशी सुरू होते: ‘नमस्कार शेतकरी बंधूंनो, आज आपण बियाण्याच्या उगवणक्षमता चाचणीविषयी माहिती घेणार आहोत.’ एवढं बोलेपर्यंत पाच-सहा सेकंद गेले आणि ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागलं नाही. समजेल अशा वेगाने मराठी बोललं तर सेकंदाला साधारण दोन शब्द होतात. म्हणजे अख्ख्या संहितेला साठच शब्द मिळतात, आणि ते तीन कामांत वाटायचे असतात. आधी अडचण, मग कलाटणी आणि शेवटी हाती लागणारी गोष्ट.

लिहायला बसताना मात्र शेवटापासून सुरुवात करावी. बघणाऱ्याने उद्या सकाळी नेमकं काय करायचं, ते एका कृतीत मांडता आलं नाही तर विषय अजून मोठा आहे असं समजावं. इथे कृती ठरलेली आहे, शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून कोंब मोजणे. त्यावरून मागे येत ही संहिता तयार होते:

‘सोयाबीन पेरलं, पाऊसही झाला. आठ दिवसांनी पाहावं तर तासात निम्मी रोपंच नाहीत. आता दुबार पेरणी.

पण दोष पावसाचा नव्हता. बी घरात होतं तेव्हाच मेलेलं होतं, आणि ते घरीच कळलं असतं.

पेरणीआधी शंभर दाणे मोजा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळा, सावलीत ठेवा. ओल टिकवा. सातव्या दिवशी उलगडा. सत्तर किंवा जास्त चांगले कोंब आले, तर खुशाल पेरा.’

हे छप्पन्न शब्द झाले. अडचणीला पंधरा, कलाटणीला पंधरा आणि उरलेले जवळपास निम्मे शब्द कृतीला. ही वाटणी मला महत्त्वाची वाटते, कारण बघणारा अडचण स्वतः जगलेला असतो, त्याला ती फक्त ओळखू यायला हवी. ‘उगवणक्षमता कमी असणे’ ही तज्ज्ञाची अडचण झाली. शेतकऱ्याला दिसतात ते तासातले खाडे.

सगळ्यात जास्त घोळ कलाटणीत होतो. ‘पण काळजी करू नका, यावर सोपा उपाय आहे’ हे वाक्य कुठल्याही चित्रफितीत चालतं, म्हणूनच ते इथे काहीच करत नाही. खरी कलाटणी ऐकणाऱ्याच्या मनातल्या समजाला धक्का देते. उगवण फसली की आपण आधी पावसाकडे बोट दाखवतो. ते बोट पोत्याकडे वळलं की पुढची कृती आपोआप पटते. पारख सोपी आहे. मधलं वाक्य झाकून उरलेलं वाचावं. अडचण आणि उपाय त्याच्याशिवायही नीट जुळत असतील, तर कलाटणी लिहिलेलीच नाही.

मग कात्री लावायची वेळ येते, आणि ती जाणकाराला फार दुखते. सोयाबीनचं टरफल पातळ असतं, पोती आपटली की आतला अंकुर दुखावतो, म्हणून हे बियाणं लवकर उगवण गमावतं. माहिती मोलाची आहे, मलाही ती सोडवत नव्हती. पण ती घातली तर दहा-बारा शब्द वाढतात, निवेदक घाई करतो आणि ‘ओल टिकवा’ हे दोन शब्द कानाआड जातात. ते निसटले तर गोणपाट सुकतं आणि चांगलं बीही नापास ठरतं. कृती बिघडवणारी चूक टाळणारे शब्द ठेवावेत, कारणं दुसऱ्या भागासाठी राखावीत.

मोजणी नेहमी मोठ्याने वाचून, घड्याळ लावून करावी. आकडे अक्षरांत लिहावेत. कागदावर ‘१००’ डोळ्याला छोटं दिसतं, पण तोंडाला पूर्ण शब्द लागतो. वाचन अठ्ठावीस सेकंदांत संपलं तर उत्तम, कारण गोणपाट उलगडतानाचं दृश्य दोन सेकंद नुसतं दिसायला हवं. काही जण आवाज बंद ठेवूनच पाहतात, म्हणून दाणे मांडणं, गुंडाळणं आणि मोजणं पडद्यावर हातांनीच घडलं पाहिजे.

शेवटी विषय माहीत नसलेल्या कुणाला तरी एकदाच ऐकवून ‘आता तू काय करशील?’ असं विचारावं. या संहितेवर हटकून येणारा उलट प्रश्न म्हणजे, साठच कोंब आले तर? सोयाबीनला एकरी ३० किलो बियाण्याची शिफारस ७० टक्के उगवण धरून असते, त्या हिशेबाने ६० टक्क्यांना ३५ किलो लागेल. हे याच ३० सेकंदांत कोंबू नये. तिथून दुसरी चित्रफीत सुरू होते, आणि तिची अडचण आयती मिळालेली असते: गोणपाट उलगडलं आणि कोंब साठच निघाले.